धागा: जमा आणि खर्च सारखेच, मग राजकोषीय तूट आली कुठून?

रोहिणी_कळवा
नमस्कार मंडळी. राज्यसेवेची तयारी करतेय, पदवी विज्ञानाची, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. काल अभ्यासिकेत २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचं ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ उघडून बसले होते. क्लासच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहिलंय की एकूण खर्चातून एकूण जमा वजा केली की राजकोषीय तूट मिळते. म्हटलं करून बघू. एकूण जमा ५०,६५,३४५ कोटी. एकूण खर्चही ५०,६५,३४५ कोटी. वजाबाकी शून्य! आणि त्याच पानावर खाली राजकोषीय तूट १५,६८,९३६ कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के, आणि महसुली तूट ५,२३,८४६ कोटी असं छापलंय. नोट्स चुकल्यात की मी चुकीच्या रकान्यात बघतेय? शेजारच्या दोघांना विचारलं, त्यांनी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, पण आकडे काही जुळवून दिले नाहीत.

वागळे_हिशेबनीस
ताई, यात गोंधळायचं काय आहे? आमच्या ठाणे महापालिकेचं बजेट बघा, दरवर्षी शिलकी असतं. आयुक्त सादर करतात तेव्हा पेपरात हेडिंगच असतं ‘शिलकी अर्थसंकल्प’. पालिकेला तूट दाखवताच येत नाही. केंद्राला मुभा आहे म्हणून ते तूट दाखवतात. मी ठेकेदारांची बिलं बघतो, मला विचारा ही शिल्लक किती खरी असते ते. पाच-पाच महिने बिल निघत नाही.

बेलापूर_ट्रेझरी
रोहिणी, तुझ्या नोट्समध्ये एक शब्द गळलाय, बाकी तू योग्य रकान्यातच बघते आहेस.

त्या पानावरची एकूण जमा दोन भागांत आहे. महसुली जमा ३४,२०,४०९ कोटी आणि भांडवली जमा १६,४४,९३६ कोटी. आता भांडवली जमेच्या पोटातल्या तीन ओळी बघ. कर्जवसुली २९,००० कोटी, इतर जमा ४७,००० कोटी (यात मुख्यतः सरकारी हिस्साविक्री येते) आणि तिसरी ओळ ‘कर्ज व इतर देयता’, १५,६८,९३६ कोटी. ही तिसरी ओळ म्हणजेच राजकोषीय तूट. खर्च भागवायला जे उसने आणायचे तेही जमेत धरलेले आहेत, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. जुळणारच, कारण पैसे कुठून तरी आल्याशिवाय खर्च होत नाहीत.

तूट काढताना ही उसनी ओळ बाजूला ठेवायची:

५०,६५,३४५ − ३४,२०,४०९ − २९,००० − ४७,००० = १५,६८,९३६

म्हणजे एकूण खर्चातून ‘कर्जाव्यतिरिक्त’ जमा वजा करायची. नोट्समध्ये गळलेला शब्द तो.

वागळे, तुमच्या पालिकेचं कोडंही इथेच सुटतं. पालिका आरंभीची शिल्लक आणि मिळणारं कर्ज दोन्ही जमेला धरते. त्या पद्धतीने मांडलं तर केंद्राचं बजेटही कधी तुटीत दिसणार नाही. शिलकी या शब्दावरून पालिकेनं कर्ज काढलं की नाही हे कळत नाही. बिलं थकण्याचा विषय मात्र महत्त्वाचा आहे. त्याकडे नंतर येऊ, कारण तो तुटीशी थेट जोडलेला आहे.

रोहिणी_कळवा
सर, आत्ता लख्ख झालं! मग महसुली तूट? ती पण अशीच पडताळून बघते. महसुली खर्च ३९,४४,२५५ वजा महसुली जमा ३४,२०,४०९ बरोबर ५,२३,८४६. जुळलं. पण या दोन तुटींचं एकमेकींशी नातं काय? नोट्समध्ये त्या दोन वेगळ्या धड्यांसारख्या लिहिल्यात.

बेलापूर_ट्रेझरी
नातं सरळ बेरजेचं आहे. महसुली तूट ५,२३,८४६. त्यात भांडवली खर्च ११,२१,०९० मिळव. मग हिस्साविक्री आणि कर्जवसुलीचे मिळून ७६,००० वजा कर. पुन्हा १५,६८,९३६ च येतील.

याचा अर्थ असा की सरकार वर्षभरात जे पावणेसोळा लाख कोटी उसने आणणार आहे, त्यातला साधारण तिसरा हिस्सा पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चात जाणार आणि उरलेला रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री, राज्यांना द्यायची कर्जं यांत. दोन सरकारांची राजकोषीय तूट सारखीच असली तरी महसुली तुटीचा वाटा वेगळा असेल तर त्यांची प्रकृती वेगळी. परीक्षक इथेच खोदतात.

अजून एक आकडा लिहून ठेव. व्याजापोटीचा खर्च १२,७६,३३८ कोटी. राजकोषीय तुटीतून तो वजा केला की २,९२,५९८ कोटी उरतात, ती प्राथमिक तूट. नवीन कर्जाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त इतकी रक्कम जुन्या कर्जाच्या व्याजाएवढी आहे. मी अर्थसंकल्प उघडला की पहिल्यांदा हा आकडा बघतो. तुटीची बातमी त्याच्यानंतर.

घणसोली_स्पष्टवक्ता
एवढी आकडेमोड कशाला? सरकारला तूट आली की रिझर्व्ह बँक नोटा छापते. यालाच तुटीचा अर्थभरणा म्हणतात. मी जे पुस्तक वापरतो त्यात स्पष्ट दिलंय, अर्थसंकल्पीय तूट भरायला सरकार रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीची बिलं देतं, बँक नोटा देते, महागाई वाढते. विषय संपला.

बेलापूर_ट्रेझरी
पुस्तक कोणत्या सालचं आहे?

घणसोली_स्पष्टवक्ता
जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलंय. साल दिसत नाही, पहिली पानं नाहीत. पण तत्त्व बदलतं का सालाने?

बेलापूर_ट्रेझरी
तत्त्व तेच आहे, पण व्यवस्था बदलली. तुमच्या पुस्तकात आहे ते एके काळी अगदी तसंच होत होतं. सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की ‘ॲड हॉक ट्रेझरी बिलं’ आपोआप निघायची आणि खात्यात पैसे जमा व्हायचे. कुणाला विचारायला नको, लिलाव नको. ‘अर्थसंकल्पीय तूट’ नावाचा जो आकडा तेव्हा छापला जायचा, तो मुख्यतः या बिलांतली वाढ दाखवायचा.

सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ही बिलं बंद झाली. त्याबरोबर तो तुटीचा आकडाही अर्थसंकल्पातून गेला. म्हणून आजच्या कागदपत्रांत ‘अर्थसंकल्पीय तूट’ शोधलीत तर सापडणार नाही. पुढे २००३ चा राजकोषीय उत्तरदायित्व कायदा आला आणि १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घ्यायलाही मनाई झाली. अपवाद आहेत, राष्ट्रीय सुरक्षा, मोठी आपत्ती वगैरे.

आज सरकारला रिझर्व्ह बँकेकडून थेट मिळते ती फक्त तात्पुरती उचल, म्हणजे अर्थोपाय अग्रिम. आगाऊ कराचा हप्ता जूनमध्ये येतो पण पगार एप्रिलमध्येही द्यावे लागतात, असली दरी भरायला. २०२५-२६ च्या पहिल्या सहामाहीत तिची मर्यादा दीड लाख कोटी होती. रेपो दराने व्याज लागतं, नव्वद दिवसांत परत करावी लागते. वर्षाची तूट भरायला ती कामाची नाही.

घणसोली_स्पष्टवक्ता
ठीक आहे, थेट घेत नाही. पण बाजारातून घेते ना? २०२१ मध्ये तर आधी रक्कम जाहीर करून घेतले. एप्रिल ते जून तिमाहीत एक लाख कोटींचे रोखे. पुढच्या तिमाहीत १.२ लाख कोटी. बँकांनी सरकारकडून घ्यायचे आणि रिझर्व्ह बँकेने बँकांकडून घ्यायचे. शेवटी नोटा छापल्याच. मधे एक दलाल आला एवढंच.

बेलापूर_ट्रेझरी
यात तथ्य आहे, टाळत नाही. दुय्यम बाजारातून रोखे घेतले की बँकांच्या हाती नवा पैसा येतो, हे खरं. फरक दोन. पहिला, व्याजदर लिलावात ठरलेला असतो, सरकारला हुकमी दराने मिळत नाही. जुन्या ॲड हॉक बिलांचा दर ४.६ टक्क्यांवर वर्षानुवर्षं गोठलेला होता, तेव्हा बाजारात दर कितीही असो. दुसरा, किती घ्यायचे आणि पुन्हा विकायचे का, हा निर्णय रिझर्व्ह बँकेचा असतो, आणि ती पुढे विकतेही. पण संकटकाळात ही भिंत किती पक्की राहते यावर आमच्या डीलिंग रूममध्येही दोन तट होते. मी स्वतः ‘पुरेशी पक्की’ म्हणणाऱ्यांतला.

नौपाडा_सुलभा
मी विद्यार्थी नाही, पासष्टीची गृहिणी आहे. नातू हा धागा वाचत होता, त्याने दाखवला. माझे पैसे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत आहेत, नौपाड्यातल्याच पोस्टात. वर कुठे तरी वाचलं की सरकार तूट भरायला सगळीकडून उसने घेतं. म्हणजे माझे पैसे पण त्यात गेले का? आणि सरकारकडेच तूट असेल तर ते परत कुठून देणार? काळजी वाटली म्हणून विचारते.

बेलापूर_ट्रेझरी
सुलभाताई, तुमचे पैसे सुरक्षित आहेत, काळजी करू नका. पण प्रश्न फार नेमका विचारलात.

पोस्टातल्या ठेवी, पीपीएफ, सुकन्या हे सगळं ‘राष्ट्रीय अल्पबचत निधी’ नावाच्या एका फंडात जमा होतं. १ एप्रिल १९९९ पासून तो स्वतंत्र आहे. तो फंड केंद्र सरकारचे खास रोखे घेतो, म्हणजे सरकारला कर्ज देतो, आणि त्याच्या व्याजातून तुम्हाला दरमहा व्याज मिळतं. २०२५-२६ च्या पावणेसोळा लाख कोटींपैकी सुमारे ३.४३ लाख कोटी या वाटेने येणार असा अंदाज होता. सुमारे ११.५४ लाख कोटी बाजारातून, रोखे विकून. राहिलेली रक्कम तुलनेने किरकोळ आहे, परदेशी कर्ज, भविष्य निर्वाह निधी, अशी.

परत कुठून देणार? बरंचसं नवं कर्ज काढून, हे प्रामाणिक उत्तर. सरकारला कर वसूल करायचा अधिकार आहे आणि त्याचं कर्ज रुपयांत आहे, म्हणून ते चालतं. त्या वर्षी बाजारातून एकूण उभारायचे होते १४.८२ लाख कोटी. त्यातले सुमारे सव्वातीन लाख कोटी मुदत संपलेल्या जुन्या रोख्यांच्या परतफेडीतच जाणार, आणि निव्वळ हाती ११.५४. रोहिणी, हे तुझ्यासाठी: मुद्दल फेडणं हा ‘खर्च’ धरत नाहीत, व्याज धरतात. म्हणून तुटीशी निव्वळ आकडा लावायचा, एकूण नाही. पेपरात हेडिंग एकूण आकड्याचं असतं आणि विद्यार्थी तोच तुटीला लावायला जातात.

नौपाडा_सुलभा
बरं झालं विचारलं. आभारी आहे.

रोहिणी_कळवा
सर, ‘बाजारातून’ म्हणजे नेमकं काय होतं? कोण विकतं, कोण घेतं? मुलाखतीत कुणी विचारलं तर ‘सरकार रोखे विकते’ एवढं एक वाक्य पुरायचं नाही.

बेलापूर_ट्रेझरी
हा माझा जुना धंदा, थोडं ऐसपैस लिहितो.

मार्चअखेर अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक बसून एप्रिल-सप्टेंबरचं वेळापत्रक जाहीर करतात. २०२५-२६ साठी पहिल्या सहामाहीत आठ लाख कोटी ठरले होते, वर्षाच्या निम्म्याहून थोडे जास्त. कोणत्या आठवड्यात किती मुदतीचे किती रोखे, हे सगळं आधीच छापलेलं असतं.

लिलाव सहसा शुक्रवारी. रिझर्व्ह बँकेच्या ‘ई-कुबेर’ प्रणालीवर सकाळी बोली लागते. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड हे मुख्य गिऱ्हाईक. प्राथमिक व्यापारी म्हणून नेमलेल्या संस्था असतात, त्या लिलाव अंडरराइट करतात, म्हणजे कुणीच घेतले नाहीत तर त्यांना घ्यावे लागतात. पैशांची देवघेव पुढच्या कामाच्या दिवशी, बहुधा सोमवारी.

समजा दहा वर्षांचा ७.१० टक्क्यांचा २०३४ मध्ये संपणारा रोखा आहे. शंभर रुपये दर्शनी किमतीवर वर्षाला ७ रुपये १० पैसे, सहा महिन्यांनी निम्मे-निम्मे. बँकांना वाटलं की तूट वाढतेय, अजून रोखे येणार, तर त्या शंभरऐवजी ९८ चीच बोली लावतात. व्याजाची रक्कम तीच, किंमत कमी, म्हणजे परतावा वाढला, म्हणजेच सरकारला कर्ज महाग पडलं. अर्थसंकल्पाच्या दिवशी तुटीचा आकडा वाचून झाला की पाच मिनिटांत दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा हलायचा. मंत्री बोलत असायचे आणि आम्ही पडद्याकडे बघत असायचो.

बँका घेतात त्यामागे कायद्याचा रेटाही आहे. ठेवींच्या साधारण १८ टक्के रक्कम त्यांना अशा रोख्यांत किंवा रोखीत, सोन्यात ठेवावीच लागते. प्रत्यक्षात त्या त्याहून बऱ्याच जास्त ठेवतात, कारण इथे पैसा बुडत नाही. तोच पैसा घणसोलीतल्या एखाद्या कारखान्याला कर्ज म्हणून गेला असता का, हा वाद आहे. कर्जाला मागणीच नसते त्या वर्षी गेला नसता. मागणी असते त्या वर्षी गेला असता.

खारघर_प्राध्यापिका
चर्चा चांगली चाललीय, पण महसुली तुटीबद्दल एक हरकत नोंदवते. मी पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवते. ‘चालू खर्चासाठी कर्ज म्हणजे वाईट, भांडवली खर्चासाठी कर्ज म्हणजे चांगलं’ हे विद्यार्थी डोळे मिटून लिहितात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेचा पगार महसुली खर्च आहे. शाळेचं वापरात नसलेलं सभागृह भांडवली खर्च आहे. कोणत्या पैशातून उद्याचं उत्पन्न वाढतं?

शिवाय केंद्राचा महसुली खर्च बघा. त्यात राज्यांना आणि इतर संस्थांना ‘भांडवली मालमत्ता निर्मितीसाठी’ दिलेली अनुदानं आहेत, २०२५-२६ मध्ये ४,२७,१९२ कोटी. ग्रामसडक, घरकुलं, नळयोजना. मालमत्ता तयार होते, पण ती केंद्राच्या मालकीची नसते म्हणून हिशेबात तो महसुली खर्च. ती वगळली तर महसुली तूट ९६,६५४ कोटींवर येते, जीडीपीच्या ०.३ टक्के. याला प्रभावी महसुली तूट म्हणतात.

बेलापूर_ट्रेझरी
मॅडम, शिक्षिकेच्या पगाराबद्दल पूर्ण सहमत. प्रभावी महसुली तुटीबद्दल नाही. हिशेबाचं मानक सांगतं की अनुदान देणाऱ्याच्या वहीत ते महसुली खर्चच, मग घेणारा त्याचं काहीही करो. त्यामागे कारण आहे. केंद्राने पैसे दिले, पण गावात नळ बसला की नाही हे केंद्राच्या वहीला कळत नाही. ‘मालमत्तेसाठी दिले’ आणि ‘मालमत्ता झाली’ यांत अंतर आहे. नावात ‘प्रभावी’ आलं म्हणून आकडा जास्त खरा होत नाही.

खारघर_प्राध्यापिका
मग भांडवली खर्चाच्या ११.२१ लाख कोटींनाही तोच नियम लावा. त्यात राज्यांना दिलेली पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जं आहेत, दीड लाख कोटींची तरतूद. तिथेही केंद्राच्या वहीला राज्यात काय उभं राहिलं ते दिसत नाहीच. फक्त अनुदानाऐवजी कर्ज म्हटलं म्हणून रकाना बदलला.

बेलापूर_ट्रेझरी
हा मुद्दा बिनतोड आहे. बिनव्याजी पन्नास वर्षांचं कर्ज हे अर्धंअधिक अनुदानच, असं मीही म्हणेन.

रोहिणी_कळवा
मग परीक्षेत काय लिहू? 🙂

खारघर_प्राध्यापिका
वस्तुनिष्ठ प्रश्नात व्याख्येप्रमाणे. मुख्य परीक्षेत दोन्ही बाजू, आणि वर दिलेले आकडे. आणि हेही लिही की २०१८ च्या दुरुस्तीने कायद्यातून महसुली तुटीचं लक्ष्यच काढून टाकलं. राजकोषीय तुटीचं राहिलं, सोबत कर्जाचं जीडीपीशी प्रमाण आलं. ते काढणं बरोबर की चूक, यावर बेलापूरचे सर आणि मी इथे सकाळपर्यंत भांडू शकतो.

वागळे_हिशेबनीस
माझ्या थकलेल्या बिलांचं काय झालं? ‘नंतर येऊ’ म्हणाला होतात.

बेलापूर_ट्रेझरी
विसरलो नव्हतो. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे.

सरकारी हिशेब रोखीवर चालतो. पैसे हातातून गेले त्या वर्षी खर्च पडतो. ठेकेदाराने काम मार्चमध्ये संपवलं आणि बिल जूनमध्ये दिलं, तर मार्चच्या वर्षात तो खर्चच नाही. त्या वर्षाची तूट तेवढ्याने कमी दिसते. देणं मात्र उभं आहे. कर्ज रिझर्व्ह बँकेच्या लिलावातून न घेता तुमच्या खिशातून घेतलं, तेही बिनव्याजी. त्याची नोंद तुटीत कुठेच नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच कसं झालं त्याचं उदाहरण भारतीय अन्न महामंडळाचं. महामंडळ शेतकऱ्यांकडून महाग धान्य घेतं आणि रेशनवर स्वस्त देतं. मधला फरक केंद्राने अनुदान म्हणून द्यायचा. २०१६-१७ पासून काही वर्षं केंद्राने पूर्ण अनुदान दिलं नाही. उरलेल्यासाठी महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज मिळवून दिलं. कर्ज महामंडळाच्या नावावर, म्हणून केंद्राच्या खर्चात नाही, म्हणून तुटीतही नाही. फेडायचं मात्र शेवटी केंद्रानेच, कारण महामंडळाला दुसरं उत्पन्न कुठलं? सुलभाताई, यातले पैसे तुमच्यासारख्या ठेवीदारांचेच.

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात हा प्रकार थांबवला. २०२०-२१ साठी अन्न अनुदानाचा मूळ अंदाज सुमारे १.१५ लाख कोटी होता, तो सुधारित अंदाजात सुमारे ४.२२ लाख कोटी झाला. वाढीचा काही भाग करोनातल्या मोफत धान्याचा, पण मोठा भाग महामंडळाची जुनी कर्जं फेडण्याचा. राजकोषीय तुटीचा मूळ अंदाज ३.५ टक्के, सुधारित ९.५, प्रत्यक्षात ९.२. त्यातलं बरंचसं महामारीमुळे महसूल आटला आणि खर्च वाढला म्हणून. पण एक तुकडा आधीच्या वर्षांचा होता, तो उशिरा नोंदला गेला. नुसती तुटीची मालिका बघणाऱ्याला वाटतं सगळं त्याच वर्षी घडलं.

रोहिणी_कळवा
हे ओळखायचं कसं? म्हणजे अर्थसंकल्प वाचताना संशय कधी घ्यायचा?

बेलापूर_ट्रेझरी
तुटीऐवजी कर्जाकडे बघायचं. सार्वजनिक संस्थांचं कर्ज झपाट्याने वाढतंय आणि केंद्राची तूट मात्र शांत आहे, तर प्रश्न विचार. ‘एक्स्पेंडिचर प्रोफाइल’मध्ये अर्थसंकल्पाबाहेरील साधनांचं एक विवरण असतं, ते बघ. महालेखापरीक्षकांचे अहवाल बघ. आणि एखाद्या अनुदानाची तरतूद गरजेपेक्षा उघड उघड कमी दिसली, तर उरलेलं कोण भरतंय ते शोध.

वागळे, तुमच्या बिलांवर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच म्हणेन की पालिकेच्या वार्षिक हिशेबात देणी किती थकली ते मागा. शिलकीच्या शेजारी ठेवून बघा.

घणसोली_स्पष्टवक्ता
राज्याचं पण सांगा. महाराष्ट्राला तर नोटा छापायची सोयच नाही.

खारघर_प्राध्यापिका
नाहीच. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ ला मांडला गेला. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट सुमारे १,३६,२३५ कोटी. राज्याचे रोखेही रिझर्व्ह बँकच विकते, लिलाव सहसा मंगळवारी. केंद्राचं कर्ज डोक्यावर असेल तोपर्यंत घटनेच्या कलम २९३ नुसार नवीन कर्जाला केंद्राची संमती लागते, म्हणून राज्याला दरवर्षी मर्यादा आखून मिळते. केंद्र स्वतःची मर्यादा स्वतःच वाढवून घेऊ शकतं, राज्य नाही. रोहिणी, वरचं प्रमाण राज्यासाठी काढून बघ, महसुली तूट राजकोषीय तुटीच्या किती?

रोहिणी_कळवा
काढलं. तिसऱ्या हिस्स्याच्या आसपासच! केंद्राइतकंच. गंमत आहे.

मॅडम, अजून एक. २०२४-२५ च्या हिशेबातून रिझर्व्ह बँकेने सरकारला २,६८,५९० कोटींचा लाभांश दिला. तो कुठल्या ओळीत?

खारघर_प्राध्यापिका
महसुली जमा, करेतर. म्हणून दोन्ही तुटी तेवढ्याने कमी होतात. आता हे सोडव. समजा सरकारने १०,००० कोटींची हिस्साविक्री वाढवली आणि तेवढेच पेन्शनवर जास्त खर्च केले. कोणती तूट किती बदलेल? दुसऱ्या वर्षी तेच पेन्शन रिझर्व्ह बँकेच्या जादा लाभांशातून दिलं. आता?

घणसोली_स्पष्टवक्ता
लाभांश म्हणजे मागच्या दाराने छापलेल्या नोटाच. मी आधीच म्हटलं होतं.

बेलापूर_ट्रेझरी
त्या नफ्यात परकीय रोख्यांवरचं व्याज आहे, डॉलर विकून झालेला फायदा आहे, आणि सरकारने स्वतःच रिझर्व्ह बँकेला दिलेलं व्याजही आहे. तो पैसा सरकारने खर्च केला की बँकांतली रोकड वाढते, एवढं तुमचं खरं. ‘छापल्या’ म्हणायचं का, यावर मी आज रात्री वाद घालणार नाही, पाणी जाणार आहे नेरुळचं.

रोहिणी_कळवा
उत्तर लिहिते. पहिल्या वर्षी राजकोषीय तूट जशीच्या तशी, कारण जमा आणि खर्च दोन्ही १०,००० ने वाढले. पण हिस्साविक्री भांडवली जमा आणि पेन्शन महसुली खर्च, म्हणून महसुली तूट १०,००० ने वाढली. दुसऱ्या वर्षी लाभांशही महसुली आणि पेन्शनही महसुली, म्हणून दोन्ही तुटी जागच्या जागी. बरोबर?

खारघर_प्राध्यापिका
बरोबर. आता तिसरं: पेन्शन दिलंच नाही, पुढच्या एप्रिलवर ढकललं.

वागळे_हिशेबनीस
याचं उत्तर मी देतो.